एका फ्रेमला एकवीस मिनिटं

नंबरकाकांचं खरं नाव बँकेच्या पासबुकावर असेल. बाकी कुणाला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. चष्म्याच्या दुकानात, काउंटरमागच्या प्लायवूडच्या खोलीत बसून तेवीस वर्षं ते भिंगं घासत, कापत आणि चष्म्यांत बसवत आले होते. रस्त्यात समोरून ओळखीचा माणूस आला तर त्याचं नाव त्यांना आठवायचं नाही, नंबर आठवायचा. "तो बघ, उजवा मायनस पाऊण, डावा सव्वा. पोरीचं लग्न ठरलं म्हणे त्याच्या," असं ते बायकोला सांगायचे, आणि बायकोलाही आता सवयीने माणूस कळायचा.

भिंग अर्धा मिलिमीटर इकडचं तिकडे झालं तर काका ते परत काढायचे. गिऱ्हाईक बिचारं घाईत असायचं. "चालेल हो काका," म्हणायचं. त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "चालायला पाय असतात. डोळ्यांना दिसावं लागतं." दुकानाच्या मालकांनी या बाणेदारपणाबद्दल त्यांचा मनोमन आदर केला आणि पगार मात्र बेताचाच वाढवला.

आता असा माणूस सुट्टीच्या दिवशी घरी गप्प बसला असता तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. पण सहा वर्षांपूर्वी काकांना सिनेमाचं वेड लागलं. बघायचं नव्हे, करायचं. नट नकोत, कॅमेरा नको, सगळं संगणकातच घडवायचं. त्यासाठी लागणारं ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि फुकटच्या गोष्टीला माणूस किती किंमत मोजतो ते काकांच्या घरात येऊन पाहावं. सहा वर्षांत त्यांनी अकरा छोटे सिनेमे सुरू केले होते. संपलेला एकही नव्हता. एकात समुद्र हवा तसा ओला दिसेना. एकात मांजरीचे केस मोजता मोजता मांजरच राहून गेली. नातेवाइकांनी विचारणं सोडून दिलं होतं. विचारलं की काका म्हणायचे, "होतंय." हे "होतंय" इतकं जुनं झालं होतं की घरात नळ दुरुस्त न होण्यालाही तोच शब्द वापरायचे.

बारावा सिनेमा मात्र वेगळा होता. बहात्तर सेकंदांचा. एका खोलीत आरामखुर्चीत कुणीतरी म्हातारा झोपला आहे, आपल्याला त्याचा फक्त खुर्चीच्या हातावर टाकलेला हात दिसतो. टेबलावर त्याचा चष्मा आहे. रोज माणसं चष्मा शोधतात, इथे चष्मा माणसाला शोधतो. तो आपल्या दोन काड्यांवर उठतो, खुरडत खुरडत वर्तमानपत्रावरून चालतो, खिडकीतलं ऊन आपल्या भिंगातून धरतो, आणि त्या उन्हाचा कवडसा नेऊन म्हाताऱ्याच्या हातावर ठेवतो. हात जागा होतो. संपला सिनेमा. गोष्ट ऐकून बायको पहिल्यांदाच म्हणाली होती, "हे बरं आहे."

बायको रुग्णालयात अतिदक्षता विभागात परिचारिका. तिच्या तोंडून "बरं आहे" हे शब्द माणूस खरंच बरा झाल्याशिवाय निघत नसत. त्यामुळे काका हवेत होते.

घोडं अडलं ते लॅपटॉपवर. लॅपटॉप मुळात मुलीचा. सहा वर्षांपूर्वी तिच्यासाठी घेतला तेव्हाच तो साधा होता, आणि साध्या वस्तू काळाबरोबर श्रीमंत होत नाहीत. मुलीला परगावी वास्तुकलेच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. सोमवारी ती निघणार, लॅपटॉप तिच्याबरोबर निघणार. दुसरा घ्यायची ऐपत पुढची दोन-तीन वर्षं तरी येणार नव्हती. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, गावातल्या वाचनालयाच्या सभागृहात हौशी लघुपटांची संध्याकाळ होती, आणि फाइल द्यायची मुदत शनिवारी पाच वाजेपर्यंत. म्हणजे बारावा सिनेमा शनिवारी पाचपर्यंत झाला तर झाला. नाहीतर आधीच्या अकरांच्या पंगतीत पान मांडायचं, आणि तेव्हा काकांचं वय एकावन्न होतं. आयुष्यात एक तरी पुरी केलेली गोष्ट आपल्या नावावर असावी एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती ते कुणाला बोलून दाखवत नव्हते.

मुदतीच्या नऊ दिवस आधी, गुरुवारी, काकांनी चित्रीकरणाला हात घातला. चित्रीकरण म्हणजे रेंडर. संगणकात उभी केलेली खोली हे नुसतं मापं आणि तारांचं जाळं असतं. त्यावर ऊन कसं पडेल, काचेतून कसं वाकेल, भिंतीवर आपटून कोपऱ्यात किती पोचेल, हा सगळा हिशेब करून संगणक एकेक चित्र, म्हणजे एकेक फ्रेम, तयार करतो. प्रत्येक बारीक बिंदूसाठी तो उजेडाचे किरण सोडून बघतो. किती किरण सोडायचे तो आकडा म्हणजे सॅम्पल. कमी सोडले तर चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. जास्त सोडले तर चित्र स्वच्छ होतं, पण तोवर आपण म्हातारे होतो. त्यातून दाणे निम्मे करायचे तर किरण चौपट सोडावे लागतात. हा सौदा काही फारसा किफायतशीर नव्हे, पण निसर्गाचा आहे.

काकांनी आकडा ठेवला दोन हजार.

पहिली फ्रेम तयार व्हायला एकवीस मिनिटं लागली. काका समोर बसून होते, दूध उतू जाऊ नये म्हणून बसतात तसे. मुलगी बॅगेत कपडे भरत होती. तिने तोंडातल्या तोंडात गणित केलं.

"बाबा, सेकंदाला चोवीस फ्रेम. बहात्तर सेकंद. सतराशे अठ्ठावीस फ्रेम. गुणिले एकवीस मिनिटं."

"मग?"

"पंचवीस दिवस."

"आणि आपल्याकडे?"

"नऊ."

काकांनी बोटांवर दिवस मोजून पाहिले. मग म्हणाले, "आधी सगळ्यात अवघड शॉट करून घेऊ. कवडशाचा. दहा सेकंदांचा. तो झाला की बाकीचं आपोआप होतं."

बाकीचं आपोआप कसं होणार, हे विचारण्यात अर्थ नव्हता. अवघड आधी करणारी माणसं जगात मोठी होतात असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. मुदत चुकलेल्यांची यादी कुणी छापत नाही.

कवडशाचा शॉट अवघड होता तो काकांच्या इमानामुळे. भिंगातून ऊन जाऊन खाली उजेडाचा पुंजका पडणं हे या सॉफ्टवेअरला फार जड जातं. संगणक किरण उलटा सोडतो, उजेडाकडून नव्हे तर वस्तूकडून. कागदावरून निघालेला किरण काचेतून वाकून नेमका खिडकीबाहेर ऊन म्हणून लावलेल्या छोट्या दिव्याला जाऊन लागला तरच उजेड मोजला जातो, आणि तसा एखादाच भाग्यवान किरण निघतो. म्हणून शहाणी माणसं हा भाग बंदच ठेवतात. काकांनी तो चालू ठेवला. एवढंच नव्हे, तर सिनेमातला चष्मा त्यांनी दुकानाच्या मालकांच्या जुन्या चष्म्यावरून कॅलिपर लावून बनवला होता. भिंगाची मधली जाडी, कडेची जाडी, दोन्ही बाजूंचा बाक, सगळं खरं. काडीच्या स्क्रूला आटेसुद्धा पाडले होते. ते आटे दिसायला स्क्रू उघडावा लागला असता.

"एक खोटा दिवा लावून कवडसा पाडता येतो," मुलगी म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

"मला," काका म्हणाले. "तेवीस वर्षांत कुणाला खोटं भिंग दिलं नाही. सिनेमात देऊ?"

शुक्रवारी संध्याकाळी रेंडर सुरू झाला आणि घराचा ताबा लॅपटॉपने घेतला. घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून लागला. माणसांनी वर्तमानपत्राने वारा घ्यायचा असं ठरलं. खाली हवा जावी म्हणून त्याला चार बाटल्यांच्या बुचांवर उचलून ठेवलं. त्या बोर्डावर मिक्सर लावायचा नाही, इस्त्री करायची नाही. टेबलाजवळून जोरात चालायचं नाही, हा नियम कशासाठी होता ते काकांनाही सांगता आलं नसतं. बायको ड्यूटीवरून आली की चप्पल काढायच्या आधी पडद्यावरच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा वाचायची.

"पंच्याण्णव डिग्री," ती म्हणाली. "आमच्याकडे एवढा ताप कुणाला आला तर आम्ही नातेवाइकांना बोलावतो."

"त्याला चालतं," काका म्हणाले.

गिऱ्हाइकांचा "चालतं" हा शब्द स्वतःच्या तोंडून निघाला हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

लॅपटॉपला मात्र चालत नव्हतं. तापला की तो आपण होऊन हळू व्हायचा, कुठलाही सुज्ञ कामगार होतो तसा. एकवीस मिनिटांची फ्रेम पस्तीसवर गेली. दोनदा तर तो स्वतःच बंद पडला. नशीब की काका प्रत्येक फ्रेम वेगळं चित्र म्हणून साठवत होते. थेट व्हिडिओ बनवत असते तर तेलही गेलं असतं आणि तूपही. पण बंद पडलेल्या लॅपटॉपला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, म्हणून तो काका दुकानातून येईपर्यंत बंदच राहायचा, आणि त्यात जवळजवळ एक अख्खा दिवस गेला.

आणि कवडसा?

कवडसा येत नव्हता. तयार झालेल्या फ्रेममध्ये भिंगाखाली काळपट डाग होता, त्यात पांढरे दाणे विखुरलेले, आणि डागाच्या कडेने जरा उजळ. मुलीने रविवारी विचारलं, "बाबा, कवडसा कुठे आहे?"

"बसतोय," काका म्हणाले. "किरण कमी पडतायत. दाणे गोळा झाले की येईल. खरं म्हणजे चार हजार ठेवायला हवे होते."

"चार हजाराने दुप्पट वेळ."

"म्हणून तर दोनवर भागवतोय," काका त्याग केल्याच्या सुरात म्हणाले.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी मुलीने सामानाची यादी करायचं सोडून बापाकडे बघायला सुरुवात केली. तिला लॅपटॉपची काळजी नव्हती. बाबा हा सिनेमाही "होतंय"वर ठेवून तिला बसमध्ये बसवायला येतील, खिडकीतून हात हलवतील आणि मग घरी जाऊन रिकाम्या टेबलापुढे बसतील, हे चित्र तिला कुठल्याही रेंडरशिवाय स्वच्छ दिसत होतं. तिला रडू आलं, आणि ते लपवायला तिने भांडण काढलं. "तुमचं हे नेहमीचंच आहे," असं ती म्हणाली. काकांनी ऐकून घेतलं. खरं असलं की माणूस ऐकून घेतो.

गुरुवारी दुपारी बारा वाजता दुकानात एक तिकीटबाबू तणतणत आले. बसस्थानकाच्या खिडकीवर बसायचे. तीन दिवसांपूर्वी नवा चष्मा घेऊन गेले होते. त्यांनी तो काउंटरवर, दारातून येणाऱ्या उन्हात आपटलाच जवळजवळ.

"भिंग खोटं दिलंत," तिकीटबाबू म्हणाले. "माझ्या आधीच्या चष्म्याखाली उजेड पडायचा. पोरांना कागद जाळून दाखवायचो मी. हे बघा. याच्याखाली काळं पडतं. काच आहे की पत्रा?"

काका प्लायवूडच्या खोलीतून बाहेर आले. अशा माणसांना समजावण्याचा त्यांना मुळातच कंटाळा होता. त्यामुळे त्यांनी तो पाठ असलेला धडा एका दमात म्हणून टाकला. "साहेब, आधीचा चष्मा वाचायचा होता, प्लसचा. प्लसचं भिंग मध्ये जाड, ते उजेड गोळा करतं. हा लांबचं बघायचा आहे, मायनसचा. मध्ये पातळ, कडेला जाड. मायनसचं भिंग उजेड पांगवतं. म्हणून मध्ये अंधार पडतो आणि कडेला उजेडाची कड दिसते. तुम्ही त्याला वर्षभर उन्हात धरून बसलात तरी कवडसा पडायचा..."

काका थांबले.

"पडायचा काय?" तिकीटबाबूंनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले.

त्यांनी चष्मा उचलला. उन्हात धरला. काळपट डाग, कडेला उजळ. खाली-वर केला. डाग मोठा झाला, लहान झाला, पण डागच. मालक गल्ल्यावर बसले होते, नाकावर त्यांचा चष्मा होता. उजवा मायनस चार, डावा मायनस चार. गेली तेवीस वर्षं काकाच तो बसवून देत आले होते. याच नंबरच्या त्यांच्या जुन्या चष्म्याची कडेची जाडी, मधली जाडी, सगळं कॅलिपरने मोजून त्यांनी आपल्या सिनेमात उतरवलं होतं, आणि मग त्या मायनस चारच्या भिंगातून कवडसा पडायची वाट बघत आठवडाभर घरच्यांचा घाम काढला होता. संगणक बिचारा पहिल्या फ्रेमपासून खरं तेच दाखवत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे भिंगाखाली होता आणि तो ओळखायचा पगार काका घेत होते.

"बरं वाटत नाहीये का?" मालकांनी विचारलं.

"अर्धी रजा द्या," काका म्हणाले. तेवीस वर्षांत त्यांनी अर्धी रजा मागितली नव्हती, त्यामुळे मालक घाबरून हो म्हणाले. तिकीटबाबूंना वाटलं आपण माणसाला फारच टोचून बोललो. ते चष्मा घेऊन मुकाट गेले.

घरी येऊन काकांनी रेंडर थांबवला. एकशे शहाण्णव फ्रेम झाल्या होत्या. त्यांनी मुलीला आणि बायकोला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. बायको आधी हसली नाही. मग तिला आवरेना. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे हसून परत आली.

"किती तास आहेत?" तिने विचारलं.

"शनिवारी पाचपर्यंत त्रेपन्न होते, आता बावन्न," मुलगी म्हणाली. "मांडणीला चार लागतील. शेवटी जोडायला एक तास ठेवू. सत्तेचाळीस तास रेंडरला. म्हणजे एका फ्रेमला शंभर सेकंद. त्याच्या वर काहीही जाता कामा नये."

"एकवीस मिनिटांवरून शंभर सेकंद," काका म्हणाले. "मग तो सिनेमा राहील का?"

"अहो, आमच्याकडे एकाच वेळी आठ पेशंट येतात," बायको म्हणाली. "त्यातल्या एकाचे केस विंचरत बसले तर बाकीचे सात जातात. आणि तुम्ही ज्याचे केस विंचरत होता तो तर आधीच गेलेला होता."

मुलगी खुर्ची ओढून लॅपटॉपपुढे बसली आणि काका तिच्या शेजारी स्टुलावर बसले. घरात असं पहिल्यांदाच घडत होतं.

तिने आधी विचारलं, "वाचनालयाचा प्रोजेक्टर किती पिक्सेलचा आहे?"

"ते मी कशाला विचारू?"

तिने तिथल्या तिथे ग्रंथपालांना फोन लावला. ते बाराशे ऐंशी पिक्सेल रुंदीचं जुनं यंत्र होतं. काका एकोणीसशे वीस रुंदीचं चित्र काढत होते. "जे पडद्यावर पोचणारच नाही त्याला आपण निम्म्याहून जास्त वेळ देत होतो," मुलगी म्हणाली आणि तिने चित्राचं माप उतरवलं. मग तिने काचेतून खरा कवडसा पाडायची सोय बंद केली. ती बंद केली की काचेची सावली दगडासारखी काळी पडते. मग सावलीपुरती काच आरपार करावी लागते, तेही तिने केलं. उजेड भिंतीभिंतीवर बारा वेळा आपटू दिला होता, तो चारवर आणला. काच होती म्हणून फक्त काचेतून जाणाऱ्या किरणांना आठ उड्या ठेवल्या. दर फ्रेमला खोली पहिल्यापासून नव्याने मांडायची नाही, मांडलेली तशीच ठेवायची, अशी एक खूण करायची असते, ती केली. खूण करताच लॅपटॉपची स्मृती भरली, तेव्हा तिने शोध घेतला की एवढं आहे तरी काय या खोलीत.

"बाबा, टेबलाच्या खणात काय आहे?"

"पेन्सिली."

"किती?"

"सतरा. आणि एक शार्पनर."

"सिनेमात खण उघडतो?"

"नाही."

पेन्सिली गेल्या. स्क्रूचे आटे गेले. काका प्रत्येक गोष्ट जाताना तिच्याकडे बघत होते, पण त्यांनी एकदाही हात धरला नाही.

दोनशे सॅम्पलवर चाचणी घेतली. दाणे पुसून काढायची एक सोय असते, ती लावली. एक फ्रेम बघितली तर स्वच्छ. दहा फ्रेम सलग लावल्या तर अंधाऱ्या कोपऱ्यातली भिंत उकळायला लागल्यासारखी हलत होती. प्रत्येक फ्रेममधले दाणे ती सोय नव्याने अंदाज बांधून पुसते, आणि तिचे दोन अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत.

"बघ," काका म्हणाले. त्यात थोडा आनंदही होता. "म्हणून दोन हजार."

मुलगी भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भिंत हलते का?"

"आत्ता तर हलतेय."

"तसं नाही. गोष्टीत. भिंत, खुर्ची, खिडकी. यातलं काय हलतं? फक्त चष्मा आणि हात. मग भिंत सतराशे वेळा कशाला काढायची? रिकामी खोली एकदाच काढू, तुमच्या दोन हजारने. आणि दर फ्रेमला फक्त चष्म्याभोवतीचा, शेवटी हाताभोवतीचा, चौकोन काढून त्या चित्रावर ठेवू."

काकांना हे सुचलं नव्हतं. सहा वर्षांत सुचलं नव्हतं. पोरीचा त्यांना इतका अभिमान वाटला की त्यांनी ताबडतोब खोट काढली. "कॅमेरा हलला तर जमणार नाही. पहिल्या शॉटमध्ये कॅमेरा खिडकीतून आत येतो."

"हो."

तो खिडकीतून आत येणारा कॅमेरा काकांनी सव्वा महिना खपून बसवला होता. पडदा हलतो, कॅमेरा त्याच्या फटीतून सरकतो, टेबलाच्या उंचीवर येऊन थांबतो. काकांनी माउस तिच्या हातून घेतला आणि कॅमेऱ्याची सगळी चाल स्वतः पुसून टाकली. कॅमेरा टेबलासमोर उभा राहिला, आणि उभाच राहिला. वाईट वाटलं त्यांना.

राहिला खोटा कवडसा. भिंग आता प्लस चारचं केलं होतं, मध्ये जाड. मुलगी म्हणाली, "इथे एक दिवा ठेवते, गोल पाडते, झालं." काका म्हणाले, "थांब." त्यांनी कागद घेतला. पन्नास मिलिमीटरचं भिंग, प्लस चार म्हणजे उजेड अडीचशे मिलिमीटरवर एका जागी येणार. हात शंभर मिलिमीटरवर. म्हणजे कवडसा तीस मिलिमीटरचा. "तीस ठेव," ते म्हणाले. "खोटा आहे, पण नंबरचा असू दे." मुलीने तीस ठेवला.

चार वाजता रेंडर सुरू झाला. चष्म्याच्या चौकोनाला चारशे सॅम्पल ठेवूनही एक फ्रेम चाळीस-पन्नास सेकंदांत होऊ लागली. काका हातातल्या घड्याळाकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत होते. माणसाचं लक्ष नसताना पैसे वाढावेत तसा त्यांच्याकडे अचानक वेळ शिल्लक पडला होता, आणि त्यांना तो सहन होईना. शुक्रवारी सकाळी मुलगी दात घासत बाहेर आली तेव्हा काकांचा हात माउसवर होता आणि चारशेच्या जागी आठशे लिहिलेलं होतं.

"बाबा."

"शिल्लक आहे ना वेळ."

तिने चूळ भरली, येऊन बसली. मग विचार करून म्हणाली, "आहे. पण सगळीकडे नाही वाटायचा. लोक कुठे बघणार?"

"हातावर. कवडसा येतो तेव्हा."

"मग तिथेच द्या. शेवटच्या वीस सेकंदांना हजार ठेवा. चालतोय तेव्हा चारशे पुरे, चालत्या चष्म्याचे दाणे कोण मोजतं?"

काकांनी शेवटच्या शॉटला हजार ठेवले आणि बाकी ठिकाणी चारशे परत लिहिले. फॅन लॅपटॉपकडेच होता, पण इस्त्रीला परवानगी मिळाली. मुलीचे कपडे झाले. शनिवारी सकाळी साडेनऊला शेवटची फ्रेम पडली. साडेचारला काका फाइल घेऊन वाचनालयात पोचले आणि ग्रंथपालांनी ती घेईपर्यंत तिथून हलले नाहीत.

शेवटच्या शॉटमध्ये एक खोट राहिली होती. चौकोन हजाराचा आणि मागची खोली दोन हजारांची, त्यामुळे जिथे दोन्ही जुळले तिथे, खुर्चीच्या डाव्या अंगाला, एक पुसटशी रेष दिसत होती. मुलगी म्हणाली मला दिसत नाही. बायको म्हणाली मला दिसत नाही. काकांना ती घरी दिसली, वाचनालयात जाताना दिसली, आणि रविवारी सभागृहात बसल्यावर पडदा कोरा असतानाही दिसत होती.

सभागृहात सत्तावीस खुर्च्या होत्या आणि एकोणीस माणसं. काकांचा सिनेमा चौथा. बहात्तर सेकंद. काकांनी पूर्ण वेळ डाव्या अंगाला बघितलं. रेष होती. ते बरोबर होते. दिवे लागले तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते, पण काकांना त्या कुणासाठी आहेत हे कळलं नाही, कारण त्यांनी सिनेमा पाहिलाच नव्हता.

ग्रंथपालांनी प्रथेप्रमाणे सांगितलं, दिग्दर्शकांनी दोन शब्द बोलावेत. काका उभे राहिले. माणूस प्रामाणिक असला की त्याला उभं करू नये.

"कवडसा खोटा आहे," काका म्हणाले. "दिवा लावलाय. खोलीचं चित्र एकच आहे, तेच सगळीकडे वापरलंय. दाणे पुसलेले आहेत. आणि शेवटी खुर्चीच्या डाव्या बाजूला रेष आहे, ती राहून गेली."

बायकोने कपाळावर हात ठेवला. मग पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "कुठे आहे रेष? आम्हाला नाही दिसली. परत लावा बरं."

लोकांना दोष बघायला मिळणार म्हटल्यावर सगळे सरसावून बसले. दिवे पुन्हा मालवले गेले. खोली आली. चष्मा काड्यांवर उठला, एकदा घसरला, परत उठला. कुणीतरी हसलं. तो वर्तमानपत्रावरून खुरडत निघाला, काठावर थांबला, खिडकीकडे वळला, आणि तीस मिलिमीटरचा उजेड कागदावरून सरकत सरकत खुर्चीच्या हाताशी आला, तिथे अडला, आणि सुरकुतलेल्या बोटांवर चढला. बोट किंचित वाकलं. मग दुसरं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही, कारण हात पूर्ण जागा व्हायचा होता.

पडदा काळा झाला. पुढच्या रांगेतले आजोबा मागे वळले. "नाही दिसली बुवा. कुठे होती?"

मुलगी बापाकडे झुकली. "बाबा, सांगा ना त्यांना. कुठे होती रेष?"

काका पडद्याकडे बघत होते.

"लक्ष नव्हतं माझं," ते म्हणाले.